‘७ दिवस मोफत, कधीही रद्द करा’ : या ओळीत नेमकं काय चुकलं?

शब्दवेडी (धागाकर्ती)

आम्ही तिघांनी मिळून शब्दसंग्रह वाढवायचं एक मोबाइल ॲप काढलंय. तीन आठवडे झाले. कोड दोघे लिहितात, जाहिरातीच्या पोस्ट माझ्याकडे. माझी पहिली पोस्ट अशी होती:

> रोज १० नवे शब्द, खेळता खेळता! ७ दिवस अगदी मोफत. आवडलं नाही तर कधीही रद्द करा. लिंक खाली.

पोस्ट बरी चालली. मग परवा एका वापरकर्त्याचा मेल आला. त्यांनी आयफोनवर सोमवारी रात्री ९ वाजता ट्रायल सुरू केली आणि पुढच्या सोमवारी दुपारी २ वाजता रद्द केली. म्हणजे सात दिवस पुरे व्हायला अजून सात तास होते. तरीही अख्ख्या वर्षाचे पैसे कापले गेले. मेलची भाषा शांत होती, त्यामुळे जास्तच लागलं. "तुम्ही सात दिवस म्हणालात, मी सात दिवसांच्या आत रद्द केलं. यात माझं काय चुकलं ते सांगा."

आमच्यातला एक जण म्हणतो, पैसे भरायच्या स्क्रीनवर सगळं लिहिलेलं असतं, पोस्टमध्ये कशाला? मला ते पटत नाही, पण पोस्टमध्ये काय लिहायचं तेही कळत नाही. अटींचं भेंडोळं टाकलं तर कोण वाचणार? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा.

---

खडूस_काका

काय चुकलं? ‘मोफत’ हा शब्द वाचून तो भुलला, हेच चुकलं. फुकटच्या गाईचे दात मोजत नाहीत असं म्हणतात. ही गाय आठव्या दिवशी चावते, तेव्हा दात आधी मोजलेले बरे. सगळी ॲपं हे मुद्दाम करतात. माणूस विसरणार, यावरच यांचा धंदा उभा आहे.

---

शब्दवेडी

काका, सगळ्यांचं माहीत नाही. आम्ही मुद्दाम केलेलं नाही, मला खरंच ठाऊक नव्हतं. म्हणून तर विचारतेय.

---

पडद्यामागचा

मी काही वर्षं सबस्क्रिप्शनच्या ॲपांवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या वापरकर्त्याचं काहीच चुकलेलं नाही, तुमची ओळ अर्धवट होती. ॲपल स्पष्ट सांगतं की ट्रायल पुढे चालू राहायला नको असेल तर ती संपायच्या किमान २४ तास आधी रद्द करा. कारण साधं आहे. नूतनीकरणाचे पैसे घ्यायची प्रक्रिया मुदत संपण्याच्या क्षणी सुरू होत नाही, शेवटच्या २४ तासांत कधीही सुरू होऊ शकते.

आता तुमचाच हिशोब मांडू. ट्रायल सोमवारी रात्री ९ ला सुरू झाली, म्हणजे पुढच्या सोमवारी रात्री ९ ला संपणार. त्याच्या २४ तास आधी म्हणजे रविवार, रात्री ९. त्यांनी सोमवारी दुपारी २ ला रद्द केलं. त्यांच्या दृष्टीने सात तास हातात होते, स्टोअरच्या दृष्टीने सतरा तास उशीर झाला होता. रद्द तर झालंच असणार, पण ते पुढच्या वर्षीचं नूतनीकरण रद्द झालं. या वर्षाचे पैसे गेले ते गेले.

गूगल प्लेवर ही २४ तासांची भानगड नाही. तिथे ट्रायल संपायच्या आत रद्द केलं की पैसे कापत नाहीत. त्यामुळे तुमची तीच ओळ अँड्रॉइडवाल्यासाठी खरी आणि आयफोनवाल्यासाठी सापळा ठरली. पोस्ट मात्र दोघे एकच वाचतात.

---

निवांत_नंदू

पण मग लोकांना "लवकर रद्द करा" असं सांगू नका हां! रद्द केलं की ट्रायल त्याच क्षणी बंद होते. मी एकदा दुसऱ्या दिवशी रद्द केलं आणि लगेच सगळं कुलूपबंद. उरलेले दिवस वाया. लोक चिडतील.

---

पडद्यामागचा

नंदू, तुमचा अनुभव खोटा नाही, पण तो सगळ्या ॲपांना लागू होत नाही. ॲपलच्या स्वतःच्या काही सेवांची ट्रायल रद्द करताच बंद होते. इतर कंपन्यांच्या ॲपमध्ये रद्द केल्यावरही ठरलेल्या मुदतीपर्यंत वापर चालू राहतो. गूगल प्लेवरही तसंच.

शब्दवेडी, तुमच्या पोस्टला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल अशी गोष्ट इथे दडली आहे. लोक शेवटच्या दिवसाची वाट बघतात ते याच भीतीपोटी, की आधी रद्द केलं तर उरलेले दिवस जातील. "आज सुरू करून आजच रद्द केलं तरी सातही दिवस वापरता येईल" एवढं एक वाक्य लिहिलंत तर २४ तासांचा घोळ बहुतेकांच्या वाट्याला येणारच नाही.

मात्र हे लिहिण्याआधी तुमच्या कोडवाल्यांना एक गोष्ट तपासायला सांगा. स्टोअर मुदतीपर्यंत हक्क देतं, पण काही ॲपांचा स्वतःचा सर्व्हर ‘रद्द’ असा निरोप आला की लगेच कुलूप लावून मोकळा होतो. म्हणजे स्टोअर म्हणतं चालू आहे आणि ॲप म्हणतं संपलं. ॲपलच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे खरे पैसे न लागणाऱ्या चाचणीच्या जागेत, आठवड्याची मुदत ३ मिनिटांत संपते. पहिल्या मिनिटाला रद्द करून बघा, तिसऱ्या मिनिटापर्यंत शब्द दिसत राहतात का. दिसत नसतील तर हे वाक्य लिहू नका, आधी ॲप दुरुस्त करा.

---

सुलभाताई

मला पण असंच झालं होतं. फोटो सजवायचं एक ॲप होतं, तीन दिवस फुकट. मला आवडलं नाही म्हणून मी दुसऱ्याच दिवशी फोनमधून काढूनच टाकलं. तरी पैसे गेले! बँकेत फोन केला तर ते म्हणाले तुम्हीच परवानगी दिलीत. आता ते ॲपच फोनमध्ये नाही तर रद्द कुठून करू? अजून चालूच आहे की काय कोण जाणे. धाग्याचा विषय वेगळा असेल तर माफ करा.

---

पडद्यामागचा

ताई, विषय वेगळा नाही, हाच आहे. ॲप काढून टाकलं की सबस्क्रिप्शन संपत नाही. ती ॲपमध्ये नसतेच, तुमच्या स्टोअरच्या खात्यात असते. ॲप पुन्हा बसवायचीही गरज नाही.

आयफोन असेल तर `Settings` उघडा, सगळ्यात वर तुमचं नाव दिसेल त्यावर दाबा, मग `Subscriptions`. तिथे त्या ॲपचं नाव असेल. आत `Cancel Subscription` दिसलं तर चालू आहे, दाबून टाका. ते बटण नसेल आणि मुदत संपल्याचा मजकूर असेल तर आधीच रद्द झालेलं आहे.

अँड्रॉइड असेल तर प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यात तुमच्या चित्रावर दाबा, मग `Payments & subscriptions`, त्यात `Subscriptions`. ज्या खात्यावरून घेतलं होतं तेच खातं निवडलेलं हवं. दोन खाती असली की लोक इथे हमखास अडकतात.

दोन्हीकडे नाव सापडलं नाही तर तुम्ही ते कदाचित त्यांच्या संकेतस्थळावर कार्ड देऊन घेतलं असेल. ते स्टोअरच्या यादीत दिसत नाही, तिथेच लॉगिन करून रद्द करावं लागतं.

---

सुलभाताई

सापडलं! चालूच होतं हो. दाबलं रद्द. आता पुढच्या महिन्याची तारीख दाखवतंय, तोपर्यंत वापरू शकता म्हणे. वापरायचं काय, ॲपच नाही. पण जीव भांड्यात पडला. शब्दवेडी, तुमच्या पोस्टमध्ये हे नक्की लिहा की नुसतं ॲप काढून चालत नाही. कोणीच सांगत नाही.

---

शब्दवेडी

ताई, हे लिहायचं मला सुचलंच नसतं. सगळं जमवून दुसरा मसुदा केलाय. बघा:

> शब्दसंग्रह वाढवायचा सोपा मार्ग! आमचं नवं ॲप ७ दिवस मोफत वापरून बघा. रोज १० नवे शब्द, खेळ, उजळणी आणि बरंच काही. महिन्याला पडते अगदी किरकोळ रक्कम. ट्रायल संपल्यावर सबस्क्रिप्शन आपोआप सुरू होईल. नको असल्यास सहाव्या दिवसापर्यंत रद्द करावे. ॲप काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. रद्द केल्यानंतरही सात दिवस वापर चालू राहील. अधिक माहितीसाठी आमच्या अटी व शर्ती वाचा.

---

अनुस्वार

माझा धंदा मजकूर तपासायचा, म्हणून दोन बारीक खोड्या काढते.

पहिली, ही पोस्ट फोनवर उघडून बघा. पहिल्या दोनतीन ओळींनंतर ‘आणखी वाचा’ येतं आणि बाकीचं दुमडलं जातं. वर काय उरलं? "सोपा मार्ग", "७ दिवस मोफत", "रोज १० शब्द". सगळं गोड गोड वर आणि पैशाचं घडीच्या खाली. तुम्ही लपवलं नाहीत, पण वाचणाऱ्याला लपवल्यासारखंच वाटणार. ‘मोफत’ आणि ‘त्यानंतर किती’ ही जोडी एका वाक्यात हवी. मधे पूर्णविराम आला की घडी नेमकी तिथेच पडते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी, "सहाव्या दिवसापर्यंत" म्हणजे कधीपर्यंत? सोमवारी सुरू केलं तर कोणी सोमवार पहिला धरतं, त्याचा सहावा दिवस शनिवार. कोणी म्हणतं सोमवारी रात्री सुरू केलं, पहिला दिवस मंगळवार. त्याचा सहावा दिवस रविवार. वर पडद्यामागच्यांनी काढलेली वेळ रविवारी रात्री ९. हा दुसरा माणूस रविवारी रात्री ११ ला, तुमची अट पाळून रद्द करेल आणि पैसे जाऊ शकतील. आकडा मोजायला लावूच नका, वार सांगा: "सोमवारी सुरू केलंत तर शनिवारपर्यंत रद्द करा."

---

पडद्यामागचा

वाराची कल्पना झकास. मी उलटीकडून तपासली. कोणी सोमवारी मध्यरात्रीनंतर दहाव्या मिनिटाला सुरू केलं तर ट्रायल पुढच्या सोमवारी त्याच वेळी संपते. २४ तास आधी म्हणजे रविवार लागून दहा मिनिटं. शनिवारपर्यंत रद्द करणारा तिथेही सुरक्षित आहे. म्हणजे सोमवारी कितीही वाजता सुरू करा, शनिवार चालतो.

एक जोड देतो. घड्याळ ॲप उतरवल्यापासून सुरू होत नाही आणि पहिल्यांदा उघडल्यापासूनही नाही. स्टोअरच्या खिडकीत सबस्क्रिप्शनला होकार दिला त्या क्षणापासून सुरू होतं. "डाउनलोड करा आणि ७ दिवस मोफत" असं लिहिलं की लोक डाउनलोडचा दिवस धरतात. त्यांना ट्रायल आपोआप लागलीय असं वाटतं, किंवा दुसऱ्या टोकाला, आपण कशाला होकार दिलाय हेच लक्षात राहत नाही.

आणि "महिन्याला पडते अगदी किरकोळ रक्कम" हे काय आहे? तुमचं शुल्क महिन्याचं आहे की वर्षाचं?

---

शब्दवेडी

दोन्ही आहेत. पण ट्रायल फक्त वर्षाच्या योजनेला आहे. वर्षाच्या रकमेला बाराने भागलं की महिन्याचा आकडा लहान दिसतो, म्हणून तसं लिहिलं. सगळेच लिहितात ना?

---

पडद्यामागचा

लिहितात, आणि वापरकर्त्याला जोराचा धक्का बसतो तो इथेच. त्याच्या डोक्यात महिन्याचा आकडा असतो, खात्यातून जातो त्याच्या बारापट.

बाराने भागलेला आकडा दाखवायला हरकत नाही. पण जी रक्कम खरोखर एकदम कापली जाणार ती त्याहून ठळक हवी. गूगलच्या सबस्क्रिप्शनच्या नियमांत, वर्षाची योजना मुख्यतः महिन्याच्या दराने दाखवणं हे उल्लंघनाचं उदाहरण म्हणून दिलेलं आहे. ॲपलचीही अपेक्षा तीच, कापली जाणारी रक्कम सगळ्यात उठून दिसावी. हे नियम ॲपमधल्या स्क्रीनसाठी आहेत. तुमच्या समाजमाध्यमावरच्या पोस्टवर स्टोअरवाले येऊन बसत नाहीत. पण माणूस पोस्टमधून एक आकडा घेऊन आत आला आणि आत दुसरा दिसला, तर तो दुसरा वाचतच नाही, ओळखीचं बटण दाबून मोकळा होतो. त्यामुळे आतली स्क्रीन नियमात असूनही फसवणूक झाल्याची भावना येते. तुमच्या सहकाऱ्याच्या "स्क्रीनवर लिहिलेलं असतं" याला माझं उत्तर हेच.

---

खडूस_काका

वा. म्हणजे नियम आहेत. मला वाटलं होतं जंगलच आहे.

---

चिंतातुर_जंतू२

मी पण ॲप विकतो (वेगळ्या विषयाचं), आणि या धाग्यावर कोणी न बोललेलं बोलतो. एवढं सगळं पोस्टमध्ये लिहिलंत तर कोणी उतरवणारच नाही. पोस्टचं काम दारापर्यंत आणायचं. अटी दारावर. आम्ही एकदा ‘नंतर वर्षाचे अमुक’ असं पहिल्याच ओळीत टाकलं आणि क्लिक दणकून पडले. आठवड्यात काढून टाकलं.

---

अनुस्वार

क्लिक पडले हे खरं असेल. पण जे आले त्यांच्यातले टिकले किती, ते मोजलंत का?

---

चिंतातुर_जंतू२

नाही. आठवड्यात मोजण्याइतके आलेच नाहीत, तेच सांगतोय.

---

पडद्यामागचा

जंतू, तुमचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. क्लिक कमी होतात हे मीही पाहिलंय. फक्त ट्रायलच्या बाबतीत आठवडाभराचा निकाल काहीच सांगत नाही, कारण पैसे आठव्या दिवशी येतात आणि परताव्याच्या विनंत्या त्यानंतर. क्लिकऐवजी महिनाभरानंतर हातात काय उरलं ते मोजायला हवं: पैसे दिलेले किती, त्यातून परत गेले किती, एका ताऱ्याचे अभिप्राय किती आले. त्यातही स्पष्ट लिहिणारा दरवेळी जिंकतो असं मी छातीठोक सांगणार नाही. लहान ॲपला एका ताऱ्याचे दहा अभिप्राय फार महाग पडतात, एवढं मात्र पाहिलंय.

---

चिंतातुर_जंतू२

ते तुमच्यासारख्या पगारी माणसाला परवडतं. माझं पहिल्या महिन्याचं सर्व्हरचं बिल निघायला हवं. आपलं मत वेगळं, असू दे.

---

निवांत_नंदू

एवढा काथ्याकूट कशाला? पोस्टमध्ये शेवटी लिहायचं, "चुकून पैसे कापले गेले तर आम्हाला कळवा, लगेच परत करू." झालं. विश्वास पण बसतो.

---

पडद्यामागचा

पुन्हा अर्धं बरोबर. गूगल प्लेवरची खरेदी ॲपवाला स्वतः परत करू शकतो, प्ले कन्सोलमध्ये तशी सोय आहे. ॲपलकडे तसं नाही. तिथे परताव्याची विनंती ग्राहकाने `reportaproblem.apple.com` वर जाऊन करायची आणि निर्णय ॲपलचा. शब्दवेडींनी "लगेच परत करू" लिहिलं तर अर्ध्या लोकांना दिलेला शब्द त्यांना पाळताच येणार नाही. फार तर असं लिहा: "अडचण आली तर कळवा, परताव्याची विनंती कुठे करायची ते सांगू."

त्या मेलवाल्यांनाही आजच हा पत्ता पाठवा. पोस्टची ओळ अर्धवट होती हे कबूल करा आणि त्यांनी कधी सुरू केलं, कधी रद्द केलं, या दोन्ही वेळा विनंतीत लिहायला सांगा. मिळतीलच असं मात्र म्हणू नका.

---

शब्दवेडी

पाठवलं. आणि आमच्या कोडवाल्याने सँडबॉक्समध्ये बघितलं. पहिल्या मिनिटाला रद्द केलं, शब्द शेवटपर्यंत दिसत राहिले. म्हणजे ते वाक्य लिहू शकते. पण त्याच वेळी दुसरंच काहीतरी सापडलं. त्याच्या चाचणीच्या खात्यावर ट्रायल आधीच वापरून झाली होती. त्याने पुन्हा घ्यायचा प्रयत्न केला तर आमच्या स्क्रीनवर ‘७ दिवस मोफत सुरू करा’ असंच बटण, आणि दाबल्यावर स्टोअरच्या खिडकीत मात्र आजच पूर्ण रक्कम! त्याने वेळीच खिडकी बंद केली.

---

पडद्यामागचा

बरं झालं आत्ताच सापडलं. ॲपलकडे सबस्क्रिप्शनच्या एका गटात माणशी एकदाच ट्रायल मिळते. पूर्वी घेऊन सोडून गेलेला परत आला तर त्याला ती मिळत नाही. तुमच्या बटणावरचा मजकूर कायमचा कोरलेला आहे, हे चुकतंय. ॲपलच्या बाजूला `isEligibleForIntroOffer` विचारून मजकूर बदलावा लागतो. गूगलकडे पात्र नसलेल्याला ती ऑफर यादीतच येत नाही. तिथे ऑफर आली नाही तर बटणावरचा ‘मोफत’ जायलाच हवा.

पोस्टसाठी याचा अर्थ एवढाच, की "सगळ्यांना ७ दिवस मोफत" लिहू नका. "पहिल्यांदा घेणाऱ्यांना" हे दोन शब्द घाला. आणि "कार्ड लागत नाही" असंही कुठे लिहिलं असेल तर काढा. स्टोअरवरून ट्रायल घेताना पैसे भरायचं साधन जोडलेलं लागतं.

---

अनुस्वार

"कार्ड लागत नाही" त्यांच्या पोस्टमध्ये नाहीये. उगाच धास्ती घालू नका. :)

---

शब्दवेडी

पोस्टमध्ये नाही, पण एका व्हिडिओत आहे! तो आम्ही केलेला नाही. भाषा शिकवणाऱ्या एका ताईंनी आमच्या विनंतीवरून केला. त्या म्हणतात, "कार्ड वगैरे काही नको, मस्त आठवडाभर वापरा आणि मग ॲप काढून टाका." आत्ता पुन्हा ऐकला आणि घाम फुटला.

---

सुलभाताई

अगं बाई. म्हणजे नेमकं मी केलं तेच करायला सांगतायत.

---

पडद्यामागचा

हे फार वेळा होतं. आपण स्वतःची पोस्ट घासूनपुसून घेतो आणि दुसऱ्याला मात्र "तुमच्या शब्दांत सांगा" म्हणतो. बाकी सगळं त्यांच्या शब्दांत असू दे, पैशाची दोन वाक्यं आपण लिहून द्यायची आणि ती न बदलता वाचायची अट घालायची. व्हिडिओत ती बोलायचीही आणि पडद्यावर दाखवायचीही, कारण कित्येक जण आवाज बंद ठेवून बघतात. खालच्या वर्णनात किंवा पिन केलेल्या प्रतिक्रियेत दुरुस्ती टाकणं म्हणजे मलमपट्टी. व्हिडिओ पुढे पाठवला जातो, प्रतिक्रिया मागेच राहते.

---

अनुस्वार

आणि तारीख घाला. पोस्ट वर्षभर फिरत राहते. उद्या तुम्ही ट्रायल ३ दिवसांची केलीत तर जुन्या पोस्टमधले ७ दिवस लोक तुमच्याच तोंडावर मारतील, आणि ते बरोबर असतील. "ही माहिती अमुक महिन्याची, उतरवताना स्टोअरच्या खिडकीतली मुदत आणि रक्कम बघा" एवढं पुरे. रकमेचंही तेच. देशागणिक स्टोअरमधला आकडा बदलतो.

---

शब्दवेडी

तिसरा मसुदा. रकमेच्या जागी रेघ ठेवलीय.

> पहिल्यांदा घेणाऱ्यांना ७ दिवस मोफत, आणि रद्द केलं नाही तर त्यानंतर पूर्ण वर्षाचे ____ एकदम कापले जातील.
> सोमवारी सुरू केलंत तर शनिवारपर्यंत रद्द करा. पहिल्याच दिवशी रद्द केलंत तरी सातही दिवस वापरता येईल.
> रोज १० नवे शब्द, खेळता खेळता. आवडले तर राहा.
> नुसतं ॲप काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही. आयफोनवर `Settings`, तुमचं नाव, `Subscriptions`. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर, तुमचं चित्र, `Payments & subscriptions`.
> रक्कम तुमच्या स्टोअरच्या खिडकीत दिसेल ती खरी. ही माहिती या महिन्याची आहे.

---

अनुस्वार

पहिली ओळ घडीच्या वर बसते. "कापले जातील" जरा कडक वाटतं, पण "आकारले जातील" लिहिलंत तर कोणी वाचणार नाही. राहू दे. ‘सोमवारी’च्या आधी ‘उदाहरणार्थ’ घाला, नाहीतर कोणीतरी विचारेल फक्त सोमवारीच सुरू होतं का.

---

खडूस_काका

मी वाचलं आणि मला समजलं. माझ्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळणार नाही.

---

चिंतातुर_जंतू२

मी अजूनही म्हणतो क्लिक पडतील. पण महिन्याने आकडे टाका इथे, मलाही बघायचेत.

---

शब्दवेडी

टाकते, जसे येतील तसे. ‘उदाहरणार्थ’ घातलं. जुनी पोस्ट काढलीय. बटणाचा मजकूर बदलेपर्यंत नवी टाकणार नाही, कोडवाला म्हणतोय दोन दिवस लागतील.

व्हिडिओवाल्या ताईंना निरोप पाठवलाय, अजून वाचलेला दिसत नाही. त्यांनी काढला नाही तर काय करायचं? त्याखाली आमच्या नावाने लिहायचं की आणखी थांबायचं?

---

पडद्यामागचा

थांबू नका, लिहा. जे आज तो बघून ट्रायल सुरू करतील त्यांचे पैसे पुढच्या आठवड्यात कापले जायचेत, त्यांना अजून वेळ आहे. पण ताईंना आधी एक फोन करा. लेखी निरोप लोक उशिरा बघतात.

---

शब्दवेडी

करते. फोन वाजतोय...